तारखा चुकतात, सोनोग्राफी मात्र नॉर्मल

आपल्या घरांत पाळीच्या तारखा लक्षात ठेवण्याला एक जादा कारण असतं. नमाज कधी थांबवायची, गुस्ल करून पुन्हा कधी सुरू करायची, रमजानचे किती रोजे कजा राहिले, हा सगळा हिशेब त्या तारखांवर चालतो. माझ्या अम्मीने मला पहिल्या पाळीपासून एका छोट्या वहीत तारीख लिहायला लावली. सुरू झाल्याची एक, संपल्याची एक. लग्नानंतर ती वही माझ्याबरोबर मिरजेला आली. दोन्ही बाळंतपणांचा काळ सोडला तर त्या वहीत वर्षानुवर्षं एकच लय दिसते: २८ ते ३० दिवसांचं अंतर आणि सहा दिवसांचा स्राव.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करते. सकाळी सातपासून दुसऱ्यांचं रक्त काढायचं, नळ्यांवर नावं लिहायची, मशीन लावायचं. २०२३ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याच वहीतली माझी स्वतःची अंतरं बदलायला लागली. आधी ३८ दिवस, मग ४४, मग ५२. त्याच्या आधीच्या तीन वर्षांत माझं वजन ६१ वरून ७१ किलोवर गेलं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, रात्रीची झोप तुटायची आणि दिवसभर चहावर चालायचं. कारणं सांगायची तर घरोघरी हीच असतात.

घराजवळच्या एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत निदान केलं, "पीसीओडी आहे." सोनोग्राफी नाही, रक्ततपासणी नाही. तीन महिने हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या आणि पाळी अगदी कॅलेंडरप्रमाणे आली. गोळ्या थांबल्या की ती पुन्हा लांबली. हे इथेच स्पष्ट करते, कारण माझ्या ओळखीच्या निम्म्या बायका यात फसतात. त्या गोळ्यांवर येणारा स्राव हा पाकिटातला आठवडा रिकामा गेल्यामुळे येतो. शरीराची स्वतःची लय सुधारली का, हे त्यावरून काहीच कळत नाही. गोळ्या वाईट नाहीत, काही बायकांना त्यांची खरोखर गरज असते. पण त्यांनी आणलेली तारीख आपली समजू नये.

२०२४ च्या रमजानमध्ये माझे तीसच्या तीस रोजे झाले. घरातल्या बायकांना आनंद झाला, जाऊबाई म्हणाल्या, "नशीबवान आहेस, एकही कजा नाही." वहीत मात्र शेवटची तारीख १९ फेब्रुवारीची होती. पुढची पाळी आली २८ एप्रिलला, म्हणजे ६९ दिवसांनी, आणि आल्यावर थांबेचना. सोळा दिवस चालली. आमच्या हनफी घरात हैजची जास्तीत जास्त मुदत दहा दिवस धरतात. ती ओलांडली की नेहमीच्या सवयीच्या दिवसांपुढचा स्राव इस्तिहाजात मोजतात आणि त्यात नमाज माफ नसते. कोकणातल्या शाफई घरांत ही मुदत पंधरा दिवसांची असते. माझी सवय सहा दिवसांची, हे वहीमुळे सांगता आलं. आलिमा बाजींनी मसला समजावला आणि वर म्हणाल्या, "नमाजचं मी सांगितलं, आजाराचं डॉक्टरला विचार." मग मी शहरातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले आणि जाताना ती वही घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी सगळ्यात आधी गर्भधारणेची तपासणी केली. पाळी चुकलेल्या बाईची पहिली तपासणी हीच असते, वय काहीही असो. मग वहीतली अंतरं कागदावर मांडली. वजन ७१, उंची १५३ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय तीसच्या वर. आपल्या भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर बेंबीच्या पातळीवर मोजली, ९६ सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांत ती ८० च्या आत असावी लागते. नंतर त्यांनी माझा दुपट्टा बाजूला करून मानेची मागची बाजू पाहिली. तिथे काळसर, मखमलीसारखा जाडसर पट्टा होता. मी तो उन्हाचा किंवा साखळीचा डाग समजून बेसन लावत असे. त्या म्हणाल्या, "हा घासून जायचा नाही. हा आतून येतो. रक्तात इन्सुलिन जास्त फिरतंय, त्याची ही खूण."

मग पीसीओडीचा प्रश्न निघाला. डॉक्टर लोक आता त्याला पीसीओएस म्हणतात आणि ठरवायची पद्धत २००३ साली रॉटरडॅमला झालेल्या बैठकीत मान्य झालेली आहे. तीन खुणांपैकी दोन असाव्या लागतात. पहिली, अंडं वेळेवर न सुटणं, म्हणजे पाळी अनियमित असणं. दुसरी, पुरुषी हॉर्मोनचा जोर: हनुवटीवर-ओठांवर राठ केस, हट्टी मुरुमं, किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं. तिसरी, सोनोग्राफीत अंडाशयात भरपूर लहान-लहान गाठोळ्यांसारखी अंडी दिसणं. आणि हे ठरवण्याआधी थायरॉईड, प्रोलॅक्टिन यांसारखी दुसरी कारणं बाजूला करावी लागतात.

माझ्याकडे तीनपैकी एकच खूण होती. चेहरा साफ, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, दोन्ही अंडाशयं नॉर्मल, थायरॉईड आणि प्रोलॅक्टिनही ठीक. शिवाय पीसीओएस बहुतेक वेळा वयात येतानाच सुरू होतो आणि माझी वही वीस वर्षं घड्याळासारखी चालली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पीसीओएस असलेल्या पुष्कळ बायकांत इन्सुलिनची गडबड असते. त्यामुळे लोकांना वाटतं, इन्सुलिनची गडबड म्हणजे पीसीओएसच. तसं नाही. वजन आणि इन्सुलिन एवढ्यानेच पाळी बिघडू शकते."

हे कसं होतं, ते त्यांनी मला ज्या भाषेत सांगितलं त्याच भाषेत सांगते.

जेवणानंतर रक्तातली साखर स्नायूंनी उचलावी म्हणून स्वादुपिंड इन्सुलिनच्या रूपाने हाक मारतं. पोटावर, यकृतात, स्नायूंत चरबी साठली की स्नायू जड कानाचे होतात. पूर्वी हळू बोलून काम व्हायचं, तिथे आता ओरडावं लागतं. स्वादुपिंड ओरडतं, साखर उचलली जाते आणि रिपोर्टमध्ये साखर नॉर्मल दिसते. वर्षानुवर्षं असं चालू शकतं. पण घरातले सगळेच काही बहिरे झालेले नसतात. अंडाशयाचे कान शाबूत असतात. त्याला तो आरडाओरडा पूर्ण आवाजात ऐकू येतो आणि त्याचं अंडं पिकवायचं नाजूक काम विस्कटतं. अंडाशयाला मेंदूकडून जे इशारे ठरावीक तालावर मिळायचे असतात, त्यांचा तालही वाढलेल्या वजनात मंद पडतो.

दुसरी गोष्ट चरबीची. चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं पोतं नव्हे. तिच्यात एक विकर असतं, जे शरीरातल्या इतर हॉर्मोनपासून इस्ट्रोजेन तयार करतं. नेहमीच्या महिन्यात इस्ट्रोजेन चढतं आणि उतरतं आणि त्या चढउतारावरच पाळीचं गाडं चालतं. चरबीतून मात्र ते रोज, थोडं थोडं, न थांबता झिरपत राहतं.

इस्ट्रोजेनचं काम गर्भाशयाचं अस्तर वाढवणं. अंडं सुटलं की त्याच्या जागी प्रोजेस्टेरॉन तयार होतं, ते अस्तराला पक्कं करतं आणि साधारण दोन आठवड्यांनी ते कमी झालं की सगळं अस्तर एकदम, ठरल्या दिवशी गळतं. हीच पाळी. अंडं सुटलंच नाही, तर प्रोजेस्टेरॉन नाही. भिंतीवर गिलाव्याचे थरावर थर चढत जातात आणि शेवटी आपल्याच वजनाने कुठूनतरी ढासळायला लागतात. एक तुकडा आज, दुसरा चार दिवसांनी. म्हणून आधी ६९ दिवस कोरडे आणि मग सोळा दिवसांचा स्राव. दोन वेगळे आजार वाटतात, पण मूळ एकच असतं.

सोनोग्राफीत माझं अस्तर १४ मिलिमीटर होतं. डॉक्टरबाईंनी त्याचा नमुना घ्यायचं ठरवलं. वय पंचेचाळीसच्या आत असलं तरी, वजन जास्त, महिनोन्महिने अंडं न सुटणं आणि लांबलेला स्राव हे तिन्ही एकत्र आलं की नमुना तपासतात. प्रोजेस्टेरॉनशिवाय वाढत गेलेलं अस्तर काही वर्षांनी कर्करोगाकडे झुकू शकतं. पाळी दोन-तीन महिने आली नाही की "बरंच झालं, कटकट नाही" म्हणणाऱ्या बायका मी रोज पाहते. त्यांना ही बाजू कुणी सांगितलेली नसते. माझा रिपोर्ट सुदैवाने साधा आला: अस्तर अस्ताव्यस्त वाढलेलं, पण पेशी निर्दोष. नुसतं इस्ट्रोजेन मिळालेलं अस्तर असंच दिसतं.

आता साखरेच्या तपासण्या. हा माझा रोजचा प्रांत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मधुमेहाच्या अलीकडचा जो पट्टा आहे, त्याला प्रीडायबेटिस म्हणतात. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ५.७ ते ६.४. तिन्हींपैकी एक जरी या पट्ट्यात आली तरी त्या बाईला प्रीडायबेटिस आहे असं धरून चालतात. माझी उपाशीपोटी साखर १०८, ग्लुकोजनंतर १७२ आणि एचबीएवनसी ६.३ आली.

तो ६.३ चा आकडा डॉक्टरबाईंना मी स्वतःच जपून घ्यायला सांगितला, कारण त्याच दिवशी माझं हिमोग्लोबिन ९.४ होतं. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींना चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण चार महिने जगतात, त्या हिशेबावर ही तपासणी उभी आहे. लोहाची कमतरता असली की हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. उलट नुकताच भरपूर रक्तस्राव झाला असेल तर नव्या, तरुण पेशी जास्त असतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो आणि आकडा खोटा कमी येतो. आता विचार करा: पाळी अनियमित, आली की अंगावरून भरपूर जाणारी, रक्त कमी झालेली बाई. जिला या तपासणीची सगळ्यात जास्त गरज, तिच्यातच ही तपासणी फसवते. अशा बाईसाठी ग्लुकोज पाजून करायची दोन तासांची तपासणी जास्त भरवशाची. ती कंटाळवाणी आहे हे मान्य. रात्रभर उपाशी यायचं, ते गोडमिट्ट पाणी पाच मिनिटांत प्यायचं आणि दोन तास लॅबच्या बाकावर बसून राहायचं. मधे चालायचं नाही, चहा प्यायचा नाही. चार बायका तर मधूनच "मुलांना शाळेतून आणायचंय" म्हणून उठून जातात आणि तपासणी वाया जाते.

उपाशीपोटी इन्सुलिन मोजायची चिठ्ठीही हल्ली बऱ्याच जणी घेऊन येतात. ती महाग असते, प्रत्येक कंपनीच्या किटवर आकडा वेगळा येतो आणि नेमका कुठला आकडा जास्त म्हणायचा यावर एकमत नाही. कंबर, मान आणि ग्लुकोजची तपासणी एवढ्यावरून डॉक्टरला जे कळायचं ते कळतं. माझ्या लॅबच्या मालकांना हे वाक्य आवडणार नाही.

उपचाराची सुरुवात अस्तरापासून झाली. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची दहा मिलिग्रॅमची गोळी, महिन्यातून दहा दिवस, असे तीन महिने. गोळी बंद झाल्यावर काही दिवसांत स्राव यायचा आणि पाच-सहा दिवसांत थांबायचा. हाही गोळीनेच आणलेला स्राव, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. त्याचा उद्देश साचलेलं अस्तर साफ करणं, एवढाच. सोबत लोहाच्या गोळ्या. मेटफॉर्मिन त्यांनी लगेच दिलं नाही. म्हणाल्या, "ते लागलं तर देईन. आधी पाच किलो उतरवून दाखव."

पाच किलो हा आकडा त्यांनी हवेतून काढला नव्हता. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रीडायबेटिस असलेल्या लोकांना वजन सात टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याएवढी मेहनत करायची, असं लक्ष्य दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटलं. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी असाच अभ्यास आपल्या लोकांवर केला, तो २००६ साली आला. तिथे राहणीमान बदलल्याने घट २८.५ टक्के होती, म्हणजे आपल्याकडे फायदा आहे पण थोडा कमी. ७१ किलोचे सात टक्के म्हणजे पाच किलोच्या आसपास. पाळीच्या बाबतीतही पाच ते दहा टक्क्यांतच फरक दिसू लागतो. ६१ वर परत जायची गरज नव्हती आणि तसं कुणी सांगितलं असतं तर मी सुरुवातच केली नसती.

आम्ही घरी बसून चहाचा हिशेब मांडला. दिवसाला सहा कप, प्रत्येक कपात दोन चमचे. बारा चमचे म्हणजे ६० ग्रॅम साखर. महिन्याला जवळजवळ पावणेदोन किलो साखर मी एकटी चहातून पीत होते, मिठाई वेगळी. सहाचे दोन कप केले, त्यात अर्धा चमचा. यात आणखी एक फायदा निघाला: चहाने लोह कमी शोषलं जातं, आणि मी लोहाची गोळी घेऊन लगेच चहा प्यायचे नाही तर ती गोळी अंगी लागायला लागली. सकाळचं खारी-बटर गेलं, त्या जागी दोन अंडी आणि ज्वारीची अर्धी भाकरी. दुपारी भात वाटीने मोजून एक. ताटात आधी भाजी-डाळ किंवा सालन संपवायचं, मग भाकरीला हात लावायचा. या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते. बिर्याणी शुक्रवारी होतेच, ती बंद केली नाही. कुणी बंद करायला सांगितलं तर ऐकू नका, दोन महिन्यांत सगळंच सुटतं.

चालणं मात्र मी पहाटेचं ठेवलं नाही, जमलंच नसतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं की जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाललं तर स्नायू त्याच वेळी साखर उचलतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनच्या मोठ्या हाकेची गरज लागत नाही. म्हणून इशाची नमाज झाल्यावर मी आणि मुलांचे अब्बा गल्लीतून मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन यायचो, वीस मिनिटं. दुपारी लॅबमध्ये डबा खाल्ल्यावर जिन्याच्या चार चकरा. पहिल्या आठवड्यात बायका खिडकीतून विचारायच्या, "काय भाभी, कुठं निघालात?" तिसऱ्या आठवड्यात दोघी बरोबर यायला लागल्या.

आता वहीतलं सांगते, कारण तोच खरा पुरावा. ऑगस्टअखेर वजन ६८ झालं. गोळीनंतरचा शेवटचा स्राव २ सप्टेंबरला आला. त्यानंतर काही गोळी नाही. पुढची तारीख १४ ऑक्टोबर, म्हणजे ४२ दिवस. मग १९ नोव्हेंबर, ३६ दिवस. मग २२ डिसेंबर, ३३ दिवस. डिसेंबरमध्ये पाळीच्या आठवडाभर आधी डॉक्टरबाईंनी प्रोजेस्टेरॉन मोजायला लावलं. ते तीनच्या वर आलं की अंडं सुटलं असं मानतात. माझं ७.८ आलं. माझं स्वतःचं रक्त मी स्वतःच मशीनवर लावलं होतं. तो आकडा छापून आला तेव्हा दुपारची वेळ होती आणि मी लॅबमध्ये एकटी होते. मी तो कागद दोनदा वाचला.

वजन तेव्हा ६६.३ होतं, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या थोडं वर उतरलं. उपाशीपोटी साखर ९६, ग्लुकोजनंतर १४६, हिमोग्लोबिन १२.१, एचबीएवनसी ५.९. आधीचा ६.३ आणि आताचा ५.९ यांची सरळ तुलना होत नाही, कारण मधे रक्त भरून निघालं. १७२ चे १४६ झाले, ही तुलना खरी. आणि १४६ अजूनही पट्ट्याच्या आतच आहे, हेही खरं. मी प्रीडायबेटिसमधून बाहेर पडलेली नाही, दाराजवळ आले आहे.

हे टिकतं का? २०२५ च्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचं लग्न झालं. दावती, प्रवास, जागरणं. दीड महिन्यात वजन दोन किलो वर गेलं आणि त्या वेळची पाळी ४० दिवसांनी आली. लग्नघर आवरल्यावर चालणं सुरू झालं आणि दोन पाळ्यांत अंतर पुन्हा ३३ वर आलं. माझ्यासाठी पाळी आता वजनकाट्यापेक्षाही लवकर बोलणारी झाली आहे. २०२५ च्या रमजानआधी मी डॉक्टरबाईंना विचारून घेतलं होतं. औषधं नसतील तर प्रीडायबेटिसमध्ये रोजे ठेवायला सहसा अडचण नसते, अडचण इफ्तारीची असते. खजूर एक किंवा दोन, सरबताऐवजी पाणी किंवा ताक, भजी-समोसे रोज नाहीत, आणि तरावीहच्या उभं राहण्याचा फायदा मिळतो तो वेगळाच. ज्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांचं गणित निराळं आहे, त्यांनी शाबानमध्येच डॉक्टरकडून वेळापत्रक बदलून घ्यावं.

दोन गोष्टी राहिल्या. एक, हे फक्त लठ्ठ बायकांचं दुखणं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका इंग्रज सहकाऱ्याबरोबरचा आपला स्वतःचा फोटो २००४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के. आपल्याकडे हात-पाय बारीक आणि पोट सुटलेलं, अशी बाई काट्यावर सडपातळ ठरते. माझी नणंद अशीच आहे, वजन ५४ आणि कंबर ८७. तिच्याही पाळ्या लांबल्या आणि तिलाही सगळ्यांनी "तू तर बारीक आहेस" म्हणून परत पाठवलं. तिच्यात डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केलं. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून ५०० ची एक गोळी रात्री जेवणासोबत, मग हळूहळू वाढवत. बरीच वर्षं घेतलं तर बी-१२ तपासत राहावं लागतं.

दुसरी गोष्ट बायका एकमेकींना सांगत नाहीत. पाळी अनियमित आहे म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असं धरून पुष्कळ घरांत काळजी घेणं सोडून देतात. वजन उतरलं, औषध लागू पडलं की पहिलं अंडं सुटतं ते पाळी येण्याच्या आधी दोन आठवडे. म्हणजे वहीत पहिली तारीख लिहिण्याआधीच गर्भ राहू शकतो. ज्यांना मूल हवं आहे त्यांच्यासाठी ही आनंदाची बातमी. ज्यांना नको आहे त्यांनी नवऱ्याशी आणि डॉक्टरशी आधी बोलून ठेवावं. नणंदेच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिनच्या चिठ्ठीबरोबरच तिला हे सांगितलं. माझ्याकडे ते जिन्याच्या चकरा मारताना कळलं, तिच्याच तोंडून.

गेल्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये एक बाई आली, चाळिशीच्या आतली. बरोबर सासू होती. चिठ्ठीवर फक्त एचबीएवनसी आणि हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन ८.६ आलं, एचबीएवनसी ५.५, म्हणजे कागदावर नॉर्मल. रिपोर्ट घेताना मी विचारलं, पाळी कशी आहे? तिने सासूकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अडीच महिन्यांनी आली, अजून चालूच आहे. आज तेरावा दिवस." मानेवर ओढणी होती, तरी काळा पट्टा दिसत होता. निदान करणं हे माझं काम नाही. मी डॉक्टरांना फोन लावला, हिमोग्लोबिन आणि तेरा दिवस दोन्ही सांगितले. त्यांनी तिला त्याच संध्याकाळी बोलावलं आणि दुसऱ्या दिवसासाठी ग्लुकोजची तपासणी लिहून दिली. सकाळी साडेसातला ती उपाशीपोटी हजर होती, या वेळी एकटीच. मी तिला ग्लास दिला, वेळ लिहिली आणि बाकावर खिडकीजवळची जागा करून दिली.